पायांखालचे २९ अंश

इंग्लंडमधल्या बाथ ॲबी या जुन्या चर्चची फरशी खचू लागली होती. ती दुरुस्तीसाठी उचलताना तिच्याखाली गरम पाण्याच्या नळ्याही टाकल्या गेल्या. ऊब मिळते ती शेजारच्या रोमन स्नानगृहांच्या झऱ्यातून. रोज सुमारे ११ लाख लिटर पाणी साधारण ४६ अंशांना वर येतं आणि जुन्या रोमन नाल्यातून एव्हन नदीला मिळतं. आता त्यातली काही उष्णता नाल्यातच काढून घेतली जाते आणि उष्मा पंप ती चर्चला पुरवतो. भिंतीवरच्या जुन्या पद्धतीच्या रेडिएटरला ६०-७० अंशांचं पाणी लागतं. मग फरशीला नुसत्या कोमट पाण्यावर एवढं मोठं दालन उबदार कसं ठेवता येतं?

उत्तर क्षेत्रफळात आहे, पण त्याआधी एक मर्यादा समजून घ्यावी लागते. युरोपीय मानक ईएन १२६४ सांगतं की माणसं वावरतात तिथे फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांपेक्षा गरम होऊ नये. त्यापुढे बूट घातलेल्या पायांनाही त्रास होऊ लागतो. बाहेरच्या भिंतीलगतच्या एक मीटरच्या पट्ट्यात ३५ अंश चालतात, कारण तिथे कुणी फार वेळ थांबत नाही आणि काचेवरून उतरणारा गारवा तिथेच अडवायचा असतो. खोली २० अंशांवर असेल तर २९ अंशांची फरशी दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट देते. याहून जास्त तिच्याकडून मिळत नाही. हिशेब त्यापलीकडे जात असेल तर नळ्या वाढवून उपयोग नाही. आधी छत आणि खिडक्यांकडे बघावं.

एक सभागृह घेऊ. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद, म्हणजे ३०० चौरस मीटर. ऐन थंडीच्या रात्री ते १८ किलोवॅट उष्णता गमावतं. दर चौरस मीटरला ६० वॅट झाले. त्यासाठी फरशी २६ अंशांच्या जरा खालीच पुरते. मर्यादेला धक्काही लागत नाही.

आता नळ्यांमधलं अंतर. १७ मिलिमीटरची प्लास्टिकची नळी १५० मिलिमीटर अंतरावर, वर ४५ मिलिमीटर सिमेंटचा कोबा आणि त्यावर टाइल, अशी रचना धरली तर पाण्याचं सरासरी तापमान ३१ अंश लागतं. ३३-३४ अंशांनी आत जाणारं पाणी २८-२९ अंशांनी परत येतं. अंतर ३०० मिलिमीटर केलं तर नळी निम्मी वाचते, पण सरासरी ३६ अंशांवर जाते. शिवाय नळीवरची जागा गरम आणि दोन नळ्यांमधली थंड, असे पट्टे पडतात. २९ ची मर्यादा सरासरीला नसते, सगळ्यात गरम जागेला असते, त्यामुळे विरळ नळ्यांची फरशी ती लवकर गाठते. थर्मल कॅमेऱ्यात हे पट्टे स्पष्ट दिसतात. म्हणून मी नळीवर काटकसर करणार नाही. काचेच्या बाजूच्या पट्ट्यात तर १०० मिलिमीटरच घेईन.

१५० मिलिमीटरच्या हिशेबाने सुमारे २००० मीटर नळी लागते. ती एकाच वेटोळ्यात घालता येत नाही, पंपाला दाब झेपणार नाही. शंभर-शंभर मीटरची वीस वेटोळी करून ती मॅनिफोल्डला जोडायची. प्रत्येकातून ताशी सुमारे १७० लिटर पाणी वाहतं. मॅनिफोल्डवरचे प्रवाहमापक सारखा प्रवाह दाखवत नसतील, तर सभागृहाचा एक कोपरा कायम थंड राहतो, आणि दोष बिचाऱ्या उष्मा पंपाला दिला जातो.

खरा घोटाळा बहुधा नंतर होतो. टाइल धरून आखलेल्या सभागृहात नाट्यमंडळी जाड लाकडी फरशी घालून घेतात. लाकूड उष्णता अडवतं. तेवढेच ६० वॅट मिळवायला पाण्याची सरासरी ३८ अंशांच्या आसपास न्यावी लागते. गालिचा याहून वाईट. मग तक्रार येते की फरशी गरम होत नाही. पाणी तापवलं की खोली गरम होते, पण उष्मा पंपाचं बिल वाढतं.

कोमट पाण्याचा आणखी एक फायदा सभागृहातच कळतो. अडीचशे प्रेक्षक बसले की प्रत्येकी सुमारे ७५ वॅट धरून जवळजवळ १९ किलोवॅट उष्णता आत येते. म्हणजे सगळी गरज माणसंच भागवतात! एवढा जड कोबा झटक्यात थंड होत नाही. पण पाणी ३१ अंशांवर असेल आणि हवा २० वरून २३ वर गेली, तर फरशीची उष्णता आपोआप चौथाईने कमी होते. ३८ अंशांच्या पाण्याला ती घट सहाव्या हिश्श्याएवढीच. तरीही प्रयोगाच्या दोन-तीन तास आधी पाणी बंद करणं बरं, आणि तशी वेळ नियंत्रकात आधीच टाकून ठेवावी.

सभागृह बांधणाऱ्यांना एकच सांगणं आहे: नळ्यांचं अंतर ठरवण्याआधी वरची फरशी कोणती असेल ते लेखी घ्या, आणि पुढे ती बदलणाऱ्याला तो कागद दाखवा.