e चा घातांक काल्पनिक झाला तर

e² म्हणजे e ला e ने गुणायचं. घातांक १/२ असेल तर वर्गमूळ घ्यायचं, उणे असेल तर १ ला भागायचं. इथपर्यंत शाळेचं गणित पुरतं. पण घातांकाच्या जागी i आला, म्हणजे जिचा वर्ग उणे एक येतो ती काल्पनिक संख्या आली, की पंचाईत होते. एखादी संख्या स्वतःशी ‘i वेळा’ गुणायची म्हणजे करायचं तरी काय? लेओनार्ड ऑयलरने १७४८ साली छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात या घाताची किंमत सांगितली. आजच्या चिन्हांत ती अशी:

e^(ix) = cos x + i sin x

डावीकडे वाढीचं गणित, उजवीकडे वर्तुळाचं. ऑयलरची त्या ग्रंथातली वाट थोडी वेगळी होती. आज वर्गात जी सिद्धता सांगतात ती तीन अनंत श्रेणी शेजारी ठेवून एकेक पद ताडून पाहण्याची. ती फळ्यावर पाच ओळींत मावते, आणि तिच्यातल्या खऱ्या शंका नेमक्या त्या पाच ओळींमुळेच झाकल्या जातात.

सुरुवात e^x च्या श्रेणीपासून करू:

e^x = 1 + x + x²/2! + x³/3! + x⁴/4! + x⁵/5! + …

इथे 4! म्हणजे १ ते ४ या अंकांचा गुणाकार, २४. या श्रेणीच्या उजव्या बाजूला ‘इतक्या वेळा गुणा’ असं कुठेच म्हटलेलं नाही. तिथे फक्त x चे पूर्णांकी घात, भागाकार आणि बेरीज आहे. एवढं तर i लाही जमतं. म्हणून काल्पनिक घातांकासाठी ही श्रेणी म्हणजेच e^(ix), असं आपण ठरवून टाकतो.

ही मनमानी नाही का, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. घातांकाला घातांक म्हणवून घ्यायचं तर त्याने e^a × e^b = e^(a+b) हा नियम पाळला पाहिजे. a ची आणि b ची श्रेणी एकमेकींशी गुणून पाहा. दुसऱ्या घाताची सगळी पदं गोळा केली की a²/2 + ab + b²/2 मिळतं, आणि ते बरोबर (a+b)²/2 आहे. तिसऱ्या, चौथ्या घातालाही द्विपद प्रमेय हेच करून देतं. a आणि b वास्तव आहेत की काल्पनिक, हे त्या हिशेबात कुठेच विचारलं जात नाही. जुना नियम शाबूत राहिला, तेव्हा ही व्याख्या मान्य करायला हरकत नाही.

आता उरलेल्या दोन श्रेणी:

cos x = 1 − x²/2! + x⁴/4! − x⁶/6! + …
sin x = x − x³/3! + x⁵/5! − x⁷/7! + …

या श्रेणींचं श्रेय केरळच्या माधवाला दिलं जातं. चौदाव्या-पंधराव्या शतकातला हा गणिती ऑयलरच्या तीनशे वर्षं आधीचा. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने मलयाळममध्ये लिहिलेल्या ‘युक्तिभाषा’त त्यांची उपपत्ती सविस्तर दिली आहे, तीही वर्तुळाच्या कंसाचे बारीक तुकडे करून. आपल्या सिद्धतेसाठी ही गोष्ट कामाची आहे, कारण ज्या-कोटिज्येच्या या श्रेणी केवळ भूमितीतून निघतात. त्यांत e चा मागमूस नाही. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलं, असा आरोप इथे टिकत नाही.

मग e^x मध्ये x च्या जागी ix घालायचं. i चे घात चार पावलांत फेरी पूर्ण करतात: i, −1, −i, 1, आणि पुन्हा i. त्यामुळे मिळतं ते असं:

e^(ix) = 1 + ix − x²/2! − ix³/3! + x⁴/4! + ix⁵/5! − …

चिन्हं बघा: दोन अधिक, दोन उणे, पुन्हा दोन अधिक. सम घातांच्या पदांत i नाही. ती वेगळी काढली की 1 − x²/2! + x⁴/4! − … उरतं, म्हणजे शब्दशः कोसाइनची श्रेणी. विषम पदांतून i बाहेर काढला की साइनची. सिद्धता संपली.

की अजून नाही? ‘पदं वेगळी काढली’ हे वाक्य आपण फार सहज म्हणून गेलो. अनंत बेरजेत पदांची जागा बदलणं नेहमीच निर्धोक नसतं. 1 − 1/2 + 1/3 − 1/4 + … या श्रेणीची बेरीज सुमारे ०.६९३ आहे. तीच पदं, एकही न गाळता, एक अधिक आणि दोन उणे अशा क्रमाने मांडली, म्हणजे 1 − 1/2 − 1/4 + 1/3 − 1/6 − 1/8 + …, तर बेरीज निम्मी होते.

आपल्या श्रेणीला हा धोका नाही. चिन्हं पुसून सगळी पदं अधिक केली तरी x धन असताना तिची बेरीज e^x इतकी, म्हणजे मर्यादितच राहते. अशा श्रेणीत क्रम कसाही बदलला तरी बेरीज बदलत नाही. दोन श्रेणींच्या गुणाकारात आपण पदं इकडची तिकडे केली, तिथे या आधाराची गरज होती. सम-विषम वेगळे करताना मात्र, माझ्या मते, तीही लागत नाही. कोणत्याही पदापाशी थांबा. तोवरची बेरीज सांत आहे आणि ती बिनधोक दोन भागांत फुटते. मग पुढे सरकत राहा, पहिला भाग कोसाइनकडे जातो, दुसरा साइनकडे.

x = 1 घेऊन पडताळा घेऊ. सम पदं: १ − ०.५ + ०.०४१६६७ − ०.००१३८९ + ०.००००२५, बेरीज ०.५४०३०३. विषम पदं: १ − ०.१६६६६७ + ०.००८३३३ − ०.०००१९८ + ०.०००००३, बेरीज ०.८४१४७१. कॅल्क्युलेटरवर cos 1 आणि sin 1 काढा. ०.५४०३ आणि ०.८४१५ दिसलं तर ठीक. ०.९९९८ आणि ०.०१७५ दिसलं तर यंत्र अंशांत मोजतंय. या श्रेणींतला x हा रेडियन आहे, म्हणजे कंसाची लांबी भागिले त्रिज्या. १ रेडियन जवळपास ५७.३ अंशांचा असतो.

x = π घेतला की सम पदांची बेरीज आधी १, मग −३.९३, ०.१२, −१.२१, −०.९८, −१.००२ अशी हेलकावे खात −१ वर स्थिरावते. विषम पदं शून्यावर येतात. म्हणून e^(iπ) = −1, आणि त्याचा वर्ग केला की e^(2πi) = 1.

या दुसऱ्या समीकरणाचा हिशेबात रोकडा उपयोग आहे. x = 10 घेतला तर श्रेणीतली पदं फुगत फुगत २७५५ च्या वर जातात, आणि त्यांच्या वजाबाक्यांतून शेवटी cos 10, म्हणजे −०.८३९, एवढंसं उत्तर उरायचं असतं. सहाच सार्थ अंक धरून आकडेमोड केली तर प्रत्येक मोठ्या पदातली शेवटच्या अंकाची चूक उत्तराचं दुसरं दशांश स्थळच बिघडवते. श्रेणी बरोबर असते, पण उत्तर चुकतं. अशा वेळी १० मधून 4π वजा करायचे. e^(2πi) = 1 असल्यामुळे किंमत तीच राहते, उरतो −२.५६६, आणि त्याच्या श्रेणीत एकही पद साडेतीनच्या वर जात नाही.