तीस सेकंदांत तीन कामं

दोरीच्या चॉपरचा व्हिडिओ कांद्यानेच सुरू करावा. सोललेल्या कांद्याच्या चार फोडी भांड्यात, झाकण बंद, सात-आठ ओढी आणि लगेच आतला बारीक कांदा जवळून. याला बारा सेकंद द्यावेत. ओढी मधेच कापल्या तर बघणाऱ्याला लबाडीचा संशय येतो. मग आठ सेकंद भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट. इथे निवेदन नको, खडखडाट पुरे. कोशिंबिरीच्या काकडीला सहा सेकंद, पण ओढी तीनच. जास्त झाल्या की पाणी सुटतं आणि कॅमेऱ्यात लगदा दिसतो. उरलेल्या चारांत पातं नळाखाली धुताना दाखवावं. संपूर्ण निवेदन साठेक शब्दांचं, नाहीतर बोलणाऱ्याची धाप ऐकू येते.