जुना कूलर नव्या प्रोसेसरवर बसेल का? सॉकेट आणि ब्रॅकेट असे तपासा

वऱ्हाडात 'कूलर' म्हटलं की आधी खिडकीतला पाण्याचा कूलरच आठवतो. आज मात्र आपण बोलणार आहोत कॉम्प्युटरच्या आतल्या कूलरबद्दल, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा हीटसिंक आणि त्याचा पंखा. तरी वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा या विषयाशी थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलताना बरेच जण जुना चांगला टॉवर कूलर ठेवून देतात. विचार बरोबर आहे. तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सहसा खराब होत नाहीत, आणि पंखा बदलता येतो. शिवाय 'ट्रे' पॅकिंगमधला प्रोसेसर घेतला तर त्यासोबत कूलर येतच नाही. प्रश्न एवढाच असतो की जुना कूलर नव्या बोर्डवर बसतो का, आणि बसला तर नीट टेकतो का. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फसगत दुसऱ्या गोष्टीत जास्त होते.

## एक उदाहरण घेऊ

समजा अमरावतीत तुमच्याकडे इंटेल कोअर आय५-४४६० चा कॉम्प्युटर आहे आणि त्यावर कूलर मास्टरचा हायपर २१२ इव्हो लावलेला आहे. आता तुम्ही कोअर आय५-१२४००एफ आणि एच६१० चिपसेटचा बोर्ड घेताय. जुना प्रोसेसर एलजीए ११५० सॉकेटचा, नवा एलजीए १७०० चा.

जुना सॉकेट कोणता हे लक्षात नसेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडा आणि `Package` समोर काय लिहिलंय ते बघा. किंवा विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून बोर्डचं नाव काढा:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select-Object Manufacturer, Product
```

आलेलं नाव कंपनीच्या साइटवर शोधलं की सॉकेट कळतो. नव्या बोर्डचा सॉकेट तर खोक्यावरच छापलेला असतो.

## पहिली तपासणी: भोकांमधलं अंतर

इंटेलच्या बोर्डवर सॉकेटभोवती चौकोनात चार भोकं असतात. कूलर त्यांच्याच आधाराने बसतो. शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर सॉकेटप्रमाणे असं आहे:

- एलजीए ७७५: ७२ मि.मी.
- एलजीए ११५६, ११५५, ११५०, ११५१ आणि १२००: ७५ मि.मी.
- एलजीए १३६६: ८० मि.मी.
- एलजीए १७०० आणि १८५१: ७८ मि.मी.

दुसरी ओळ नीट बघा. ११५६ पासून १२०० पर्यंत इंटेलने सॉकेट अनेकदा बदलला, पण भोकं जागची हलवली नाहीत. त्यामुळे 'इंटेलचा कूलर इंटेलला चालतोच' अशी समजूत पक्की झाली. २०२१ च्या शेवटी बाराव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए १७०० सोबत आले आणि ती समजूत मोडली. नवा प्रोसेसर चौरस नाही, लांबट आहे: ३७.५ बाय ४५ मि.मी. सॉकेट मोठा झाला, तशी भोकंही ३ मि.मी. लांब गेली.

अंतर मोजायला साधी पट्टी पुरते. भोकाचं मध्य शोधत बसू नका. एका भोकाच्या डाव्या काठापासून पुढच्या भोकाच्या डाव्या काठापर्यंत मोजा, उत्तर तेच येतं. खात्रीसाठी तिरकंही मोजा. ७५ चा बोर्ड असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे १०६ मि.मी. भरतं आणि ७८ चा असेल तर ११०. हा ४ मि.मी. चा फरक डोळ्यांनाही दिसतो.

यातून एक गोष्ट लगेच ठरते. इंटेलसोबत आलेला चार प्लॅस्टिकच्या पिनांचा जुना कूलर एलजीए १७०० वर बसणार नाही. त्याच्या पिना ७५ मि.मी. वर पक्क्या आहेत. त्या ओढून-ताणून घालायला जाऊ नका, कारण अर्धवट अडकलेली पिन नंतर कधीही सुटू शकते.

## दुसरी तपासणी: उंची आणि दाब

हायपर २१२ इव्होसारख्या कूलरचे धातूचे हात सरकवता येतात. ते ७७५ च्या ७२ पासून १३६६ च्या ८० पर्यंत जातात. मग मनात येतं, ७८ तर मधेच आहे, बसेल की! मागची बॅकप्लेट थोडी घासून घेऊ, झालं.

इथेच अडचण आहे. एलजीए १७०० मध्ये प्रोसेसरचा वरचा पृष्ठभाग बोर्डपासून जुन्या १२०० पेक्षा सुमारे पाऊण मि.मी. खाली आहे. पाऊण मि.मी. ऐकायला काहीच नाही. पण कूलरचे स्प्रिंगवाले स्क्रू ठराविक खोलीपर्यंतच आत जातात आणि तिथे थांबतात. जुन्या उंचीप्रमाणे बनवलेला स्क्रू शेवटपर्यंत आवळला, तरी खालचा प्रोसेसर तेवढा खाली असल्यामुळे स्प्रिंगचा दाब कमी पडतो. स्क्रू घट्ट लागतो, पण कूलर घट्ट बसत नाही.

म्हणूनच कूलर कंपन्यांनी एलजीए १७०० साठी वेगळे किट काढले. त्यात ७८ मि.मी. ची बॅकप्लेट किंवा पट्ट्या असतात आणि नव्या उंचीला जुळणारे स्क्रू किंवा खांब असतात. नॉक्टुआ जुन्या ग्राहकांना खरेदीचा पुरावा दाखवल्यावर असं किट देते, आणि कूलर मास्टरचंही एलजीए १७०० चं किट आहे. किट मागवताना कूलरचं नुसतं नाव सांगू नका, खोक्यावरचा किंवा लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर सांगा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांचे ब्रॅकेट वेगळे असू शकतात.

काही बोर्डांवर, उदाहरणार्थ आसूसच्या झेड६९० मालिकेतल्या काहींवर, ७८ सोबत ७५ मि.मी. ची भोकंही दिली आहेत. तिथे जुना कूलर किटशिवाय लागतो. पण उंचीचा प्रश्न तिथेही राहतोच, म्हणून पुढे दिलेली चाचणी तिथेही करायची.

आणि एक जुगाड कधीच नको: बोर्डच्या भोकाला ड्रिल लावणं. बोर्डच्या आत तांब्याच्या रेषांचे अनेक थर असतात. भोक १ मि.मी. मोठं केलं तरी एखादी रेष तुटू शकते, आणि ती जोडता येत नाही.

## एएमडीचं गणित वेगळं

एएमडीची भोकं चौकोनात नाहीत, आयतात आहेत. एएम२ पासून एएम३+ पर्यंत आणि एफएम२ ला ९६ बाय ४८ मि.मी. होती. एएम४ पासून ती ९० बाय ५४ झाली आणि एएम५ ला तीच ठेवली.

इथे कूलर कसा अडकतो ते आधी बघा. सॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना क्लिपने अडकणारा कूलर असेल, तर काम सोपं आहे. एएम३ च्या काळातला असा कूलरही एएम४ आणि एएम५ वर सहसा अडकतो, कारण भोकं हलली तरी पट्टीवरच्या दातांची जागा एएमडीने तशीच ठेवली.

स्क्रूने बसणारा कूलर असेल, तर तो कोणती बॅकप्लेट वापरतो ते बघा. बोर्डसोबत आलेली बॅकप्लेट वापरत असेल, तर एएम४ चा कूलर एएम५ वर चालतो. रेथ स्टेल्थ असाच आहे. पण कूलर स्वतःची बॅकप्लेट मागत असेल, तर एएम५ वर तो अडतो. कारण एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटलाच जोडलेली आहे आणि ती काढायची नसते. भोकांचं अंतर तंतोतंत जुळूनही कूलर बसत नाही, तो असा. अशा वेळी कंपनीचं एएम५ किटच लागतं.

## नीट टेकला का, हे कसं ओळखायचं?

सगळे स्क्रू थोडे-थोडे, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने आवळा. ते थांबल्यावर कूलरचा बुंधा हलक्या हाताने फिरवून बघा. थर्मल पेस्टवर घसरल्यासारखा सहज फिरत असेल, तर दाब कमी आहे.

आता कॉम्प्युटर चालू करा आणि एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पमध्ये तापमान बघत दहा मिनिटं प्रोसेसरवर पूर्ण भार टाका. भार येताच तापमान एक-दोन सेकंदांत ९० च्या पुढे उडी मारत असेल आणि हीटसिंकच्या पट्ट्या हाताला गारच लागत असतील, तर उष्णता वरपर्यंत पोचतच नाही. दोष पंख्याचा नाही, टेकण्याचा आहे. कॉम्प्युटर बंद करून कूलर काढा आणि पेस्टचा ठसा बघा. नीट टेकलेल्या ठिकाणी पेस्ट पातळ, एकसारखी पसरलेली दिसते. एका बाजूला जाड, लावली तशीच ढेकळासारखी राहिली असेल, तर तिथे दाब पडलेला नाही. पुन्हा बसवताना जुनी पेस्ट पुसून नवीन लावा.

## जानेवारीत पास, मे महिन्यात नापास

आता वऱ्हाडातला उन्हाळा. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ठराविक अंशांनी वर धरून ठेवतो. खोली जितकी तापेल, जवळपास तितकाच प्रोसेसरही तापतो.

समजा नीट बसलेला कूलर पूर्ण भारावर प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंश वर ठेवतो, आणि दाब कमी असलेला तोच कूलर ६० अंश वर. जानेवारीत खोली २२ अंशांवर असेल, तर आकडे येतील ६७ आणि ८२. दोन्ही चालून जातात, कुणाला शंकाही येत नाही. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी बंद खोली ४० वर पोचली की तेच आकडे होतात ८५ आणि १००. आय५-१२४००एफ ची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. गेम अडखळतो, व्हिडिओ एक्सपोर्टला जास्त वेळ लागतो, आणि आपण दोष उन्हाळ्याला देतो.

म्हणून चाचणी हिवाळ्यात करत असाल, तर नुसतं 'ऐंशीच्या आसपास आहे, ठीक आहे' असं म्हणून थांबू नका. खोलीचं तापमानही मोजा आणि दोन्हींतला फरक लिहून ठेवा. त्या फरकात ४० मिळवा. बेरीज ९५ च्या वर जात असेल, तर कूलर काढून ब्रॅकेट, स्क्रू आणि पेस्टचा ठसा आत्ताच बघा. सगळं नीट असूनही फरक तेवढाच येत असेल, तर तो कूलर या प्रोसेसरला लहान पडतोय, आणि त्यासाठी किट मागवण्यात अर्थ नाही.