राउटरच्या यादीतलं ‘Unknown’

चौघांच्या घरात राउटरची यादी उघडली की तीत दहा-बारा नावं निघतात आणि पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

यादीपर्यंत पोचणं सोपं आहे. फोनमध्ये वाय-फायच्या तपशिलात ‘Router’ किंवा ‘Gateway’समोर एक आकडा दिसतो, बरेचदा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. तो ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं. इथला पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो. तो सहसा राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. पुढे ‘Connected Devices’ किंवा ‘DHCP Client List’ असं काहीतरी असतं. त्यातली दुसरी यादी फसवी. राउटरने कोणाला कोणता पत्ता काही काळापुरता दिला, याची ती नोंदवही. मुदत अनेकदा चोवीस तासांची असते. सकाळी येऊन गेलेला पाहुणा रात्रीही तिच्यात हजर! आत्ता कोण जोडलेलं आहे हे पाहायचं, तर ‘Wireless Clients’सारखी यादी बघावी.

नावांवर फार विसंबू नये, कारण उपकरण स्वतःच आपलं नाव सांगतं आणि ते बदलता येतं. अधिक उपयोगी असतो मॅक पत्ता: बारा अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्या साधारणपणे उत्पादकाची ओळख देतात. समजा, यादीत Espressif हे परकं नाव आहे. ही चिप बनवणारी कंपनी. तिच्या चिप वाय-फायच्या बल्बमध्ये आणि स्मार्ट प्लगमध्ये सर्रास असतात. म्हणजे हा बहुधा दिवाणखान्यातला दिवा.

उरतो एक निनावी, DA:4F ने सुरू होणारा. त्याचं दुसरं अक्षर A. तिथे 2, 6, A किंवा E असेल, तर पत्ता कारखान्यातला नसून बहुधा उपकरणानेच बनवलेला असतो. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन खासगीपणासाठी असंच करतात, त्यामुळे इथे उत्पादक शोधणं व्यर्थ. मग एकेका फोनचं वाय-फाय बंद करायचं आणि यादी ताजी करायची. निनावी नोंद गायब झाली, की मालक सापडला. काही राउटर ती लगेच पुसत नाहीत, तेव्हा थोडं थांबावं. किंवा फोनच्याच वाय-फाय तपशिलातला पत्ता ताडून पाहावा. आजीचा जुना टॅब हमखास विसरला जातो.

सगळं बंद करूनही नोंद जिवंत राहिली, तर वाय-फायचा पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीएस बंद करावं आणि राउटरच्या पानाचा पासवर्डही नवा करावा. त्या एका पत्त्याला बंदी घालून भागत नाही, कारण फोन दुसरा पत्ता घेऊन परत येऊ शकतो. नव्या पासवर्डनंतर घरातली सगळी उपकरणं तुटतात. फोन मिनिटात जोडले जातात. बल्ब मात्र त्याच्या ॲपमधून पुन्हा पहिल्यापासून जोडावा लागतो.