दोघांची खोली आणि करार कायद्याचा पेपर

कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी तालुक्याच्या गावाहून पुण्यात आलेले दोन विद्यार्थी एकत्र खोली घेतात, तेव्हा अभ्यासक्रमातली निदान तीन प्रकरणे त्यांच्या रोजच्या जगण्यात उतरतात: करार, मालमत्ता आणि भाडे. परीक्षेच्या आठवड्यात तर ती हमखास डोके वर काढतात. ही गोष्ट अशाच दोघांची आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्यातल्या उदाहरणांत माणसांना नावे नसतात, अक्षरे असतात. त्याच रिवाजाने इथे विद्यार्थ्यांना अ आणि ब म्हणू, घरमालकाला क.

खोली दहा बाय बाराची. दोन खाटा आणि एकच टेबल. अ रात्री दोनपर्यंत टेबलावर वाचतो आणि ब पहाटे चारला उठून त्याची जागा घेतो. भाडे महिना ९,००० रुपये, डिपॉझिट २०,०००. करार १ जुलैपासून ११ महिन्यांचा, नोंदणी केलेला, आणि दोघांच्याही सह्या असलेला. मे महिन्यात ब बहिणीच्या लग्नासाठी गावी जातो आणि त्याच्या वाट्याचे भाडे द्यायचे राहते. परीक्षा ३ जूनला सुरू होऊन १० जूनला संपणार आहे. कराराची मुदत मात्र ३१ मेला संपते. ब परीक्षेसाठी परततो, त्याआधीच क ने अ कडे मे महिन्याचे पूर्ण ९,००० रुपये मागितलेले असतात.

पहिला प्रश्न हा, की दोघांना मुळात काय मिळाले आहे? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे भाडेपट्ट्यात जागा उपभोगण्याचा हक्कच दुसऱ्याला मिळतो. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मधल्या लायसन्सने फक्त जागा वापरण्याची परवानगी मिळते, जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. दोन्ही कायदे १८८२चे. महाराष्ट्रातली बहुतेक खोल्यांची कागदपत्रे ‘लिव्ह अँड लायसन्स’ची, म्हणजे दुसऱ्या प्रकारची असतात. कागदाच्या डोक्यावरचा शब्द मात्र निर्णायक नसतो, हे असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर (१९५९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातल्या जागेत केशकर्तनाचा व्यवसाय चालत होता. कागद लायसन्सचा होता, पण अटी आणि प्रत्यक्ष ताबा पाहून न्यायालयाने तो भाडेपट्टा ठरवला.

अनेक विद्यार्थी उत्तरात हा निवाडा लिहून तिथेच थांबतात आणि गुण गमावतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २४ प्रमाणे राहण्याच्या जागेचा लेखी लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे पुण्यातल्या खोलीचे उत्तर १९५९च्या निवाड्याने पुरे होत नाही, स्थानिक कायदाही पाहावाच लागतो. कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘११ महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ ही समजूत नोंदणी कायद्यातल्या एक वर्षावरील भाडेपट्ट्यांच्या नियमातून आलेली आहे. लिव्ह अँड लायसन्सला महाराष्ट्रात ती लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न थकलेल्या भाड्याचा. अ म्हणतो, ‘माझे साडेचार हजार मी दिले, उरलेले ब कडून घ्या.’ हे न्याय्य वाटते, पण करार कायद्याचे कलम ४३ वेगळे सांगते. दोघांनी मिळून एक वचन दिले असेल आणि करारात उलट काही लिहिलेले नसेल, तर ज्याला वचन दिले तो कोणाही एकाकडून सगळे वचन पुरे करून घेऊ शकतो. म्हणून क ची मागणी योग्य आहे. अ ने आधी ४,५०० दिले असतील, तर उरलेले ४,५०० सुद्धा क त्याच्याकडूनच मागू शकतो.

त्याच कलमाचा पुढचा भाग अ च्या बाजूचा आहे. ज्याने जास्त भरले तो सोबत्याकडून समान वाटा वसूल करू शकतो. म्हणजे अ ला ब कडून ४,५०० रुपये मिळायला हवेत. दोघांनी आपापसात वेगळी वाटणी ठरवली असेल, समजा खिडकीकडची खाट घेणारा ५,००० आणि दुसरा ४,०००, तर ती वाटणी चालते. मात्र ती क वर बंधनकारक नसते, आणि ती ठरली होती हे दाखवायला एखादा संदेश किंवा दर महिन्याच्या ऑनलाइन व्यवहारांची नोंद हाताशी लागते.

इथे एक बारकावा परीक्षकांना आवडतो. लग्नघर म्हणून क ने ब ला सांगितले, ‘तू राहू दे, तुझे माफ.’ कलम ४४ प्रमाणे एकाला मोकळे केल्याने दुसरा मोकळा होत नाही, आणि माफी मिळालेला सोबत्याच्या देण्यातूनही सुटत नाही. क ने बाकीची रक्कम अ कडून घेतली, तर अ ती ब कडे मागू शकतो. करारावर एकट्या अ चेच नाव असते, तर चित्र बदलले असते: क चा दावा फक्त अ वर चालला असता आणि ब चे देणे हा दोघांमधला तोंडी करार ठरला असता.

तिसरा प्रश्न १ जून ते १० जूनचा. मुदत संपताच लायसन्स संपते, हे सुविधाधिकार कायद्याचे कलम ६२ सांगते. परीक्षा आहे म्हणून ते आपोआप वाढत नाही. कलम ६३ सामान हलवून निघायला वाजवी वेळ देते, पण दहा दिवस राहून परीक्षा उरकायला ते पुरेल असे धरून चालता येत नाही. मुदतीनंतर जागा अडवून धरली आणि क सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेला, तर कलम २४ खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. इथे दिवसाचे भाडे ३०० रुपये, म्हणजे दुप्पट ६००, आणि दहा दिवसांचे ६,०००. याउलट मुदत शिल्लक असताना, राहणाऱ्यांचा काही दोष नसताना क ने त्यांना बाहेर काढले असते, तर कलम ६४ खाली भरपाई मागण्याचा हक्क त्यांचा असता.

पेपरमध्ये हे उत्तर लिहिताना क्रम सोपा असतो: घटना काय, वाद कशावर, नियम कोणता, तो या घटनेला कसा लागतो आणि निष्कर्ष काय. कच्चे उत्तर लायसन्सच्या व्याख्येने सुरू होते आणि पान भरेपर्यंत अ, ब, क चा उल्लेख येत नाही. पक्क्या उत्तरात पहिल्या चार ओळींतच सह्या दोघांच्या की एकाच्या आणि मुदत कधी संपते, हे येते. बेअर अ‍ॅक्ट पाठ असूनही मागे पडणारे विद्यार्थी बहुधा इथेच अडखळतात.

खोलीचा प्रश्न सोडवायचा, तर क शी मेच्या मध्यावर बोलून १० जूनपर्यंतची मुदतवाढ लेखी घ्यायची, ती रीतसर नोंदवायची आणि त्या दिवसांचे भाडे ठरवून टाकायचे. पुढच्या वर्षीचा करार करताना तीन जागा सहीपूर्वी वाचायच्या: नावे कोणाकोणाची आहेत, भाड्याची जबाबदारी एकत्र आहे की आपापल्या वाट्यापुरती, आणि शेवटची तारीख विद्यापीठाच्या परीक्षेच्या पुढे जाते की नाही. वेळापत्रक लांबू शकते, म्हणून ११ ऐवजी १२ महिने लिहून घेण्यात अडचण नसते, कारण नोंदणी तर दोन्हीकडे करावीच लागते.