किती, कुणाला, कधीपर्यंत आणि नाहीतर काय?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपन्यांच्या अकाउंट्स विभागातून वरिष्ठांकडे जाणाऱ्या मेलचा हा एक नमुना. विषयाच्या ओळीत एकच शब्द आहे, ‘अर्जंट’. खाली मजकूर असा:

‘आदरणीय सर, आपणास कळविण्यात येते की, चाकण प्लँटसाठी पावडर कोटिंगचे जॉबवर्क गेल्या वर्षापासून भोसरीच्या क्ष इंडस्ट्रीजकडून करून घेतले जाते. जानेवारीत दरवाढीचा विषय निघाल्यामुळे पीओमध्ये दुरुस्ती करावी लागली व त्यात काही दिवस गेले. दरम्यान क्यूसीने काही पीसबद्दल शंका काढल्या होत्या, त्या नंतर मिटल्या. सदर पार्टीचे बिल ९ फेब्रुवारीच्या जीआरएनचे असून पार्टी एमएसएमईमध्ये येते. पार्टीचे वारंवार फोन येत आहेत. मार्चअखेर असल्याने ऑडिटच्या दृष्टीनेही विषय महत्त्वाचा आहे. तरी योग्य तो निर्णय लवकरात लवकर कळवावा, ही विनंती.’

नाव आणि आकडे नमुन्यापुरते आहेत, पण कुठल्याही कारखान्याच्या अकाउंट्समध्ये बसणाऱ्याला हा मजकूर ओळखीचा वाटेल. यात खोटं काहीच नाही आणि नम्रताही आहे. नाही ती फक्त रक्कम. किती रुपयांना मंजुरी द्यायची, हे सात वाक्यांत कुठेही आलेलं नाही. तारीख आहे ती मागची, पुढची नाही. आणि आज ‘हो’ म्हटलं नाही तर नेमकं काय बिघडेल, ते ‘ऑडिटच्या दृष्टीने’ या मोघम शब्दांत हरवलं आहे.

वित्तप्रमुख हा मेल बहुधा मोबाइलवर उघडतात, दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात. पडद्यावर आधी दिसतो विषय आणि पहिली एक-दोन वाक्यं. तिथं त्यांना कळतं ते एवढंच की, चाकणला पावडर कोटिंग होतं. ते त्यांना माहीत आहेच. मेल ‘संध्याकाळी बघू’ म्हणून मागे पडतो, किंवा ‘बोला माझ्याशी’ एवढं उत्तर येतं. दोन्हीत अर्धा दिवस जातो.

लिहिणाऱ्याचं मन असं का चालतं, हे समजून घ्यायला हवं. विषय त्याच्या टेबलावर ज्या क्रमानं घडला, त्याच क्रमानं तो सांगतो. शाळेत शिकलेल्या अर्जाचा साचाही तोच: आधी पार्श्वभूमी, शेवटी विनंती. शिवाय मोठ्या साहेबांपुढे एकदम पैशाचा आकडा टाकणं उद्धटपणाचं वाटतं. मंजुरी देणाऱ्याचं मन मात्र उलट्या दिशेनं चालतं. त्याला आधी आकडा हवा असतो, कारण तो आपल्या अधिकारात बसतो का, खात्यात तेवढी शिल्लक आहे का, हे त्यालाच बघायचं असतं.

तोच मेल पुन्हा लिहिला तर असा होतो:

‘विषय: मंजुरी हवी: १८,५६,००० रु., क्ष इंडस्ट्रीज (भोसरी), उद्या २६ मार्च, दुपारी ३ पर्यंत

सर, क्ष इंडस्ट्रीजला १८,५६,००० रुपये देण्यास मंजुरी हवी आहे. उद्या दुपारी ३ पर्यंत मिळाल्यास पैसे उद्याच जमा होतील. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे देण्याची मुदत उद्या संपते. उशीर झाल्यास महिन्याला सुमारे २५ हजार रुपये व्याज लागू होईल. ३१ मार्चही उलटला तर १६ लाखांचा खर्च या वर्षी वजा धरला जाणार नाही व यंदाचा कर सुमारे ४ लाखांनी वाढेल.

बिल १८,८८,००० (१६,००,००० + जीएसटी २,८८,०००), वजा टीडीएस ३२,०००. माल ९ फेब्रुवारीला मिळाला. १५ दिवसांत लेखी तक्रार दिलेली नाही. उद्यम प्रमाणपत्र तपासले, लघु, जॉबवर्क. बँक खाते मागच्या पेमेंटचेच. बिल, जीआरएन व करारपत्र सोबत जोडले आहे.’

वाचायला अर्धा मिनिट पुरतो. पण हे लिहिण्याआधी जे करावं लागलं, त्यात खरी मेहनत आहे.

रक्कमच घ्या. या व्यवहारात तीन आकडे फिरतात: १६ लाखांचं काम, १८ लाख ८८ हजारांचं बिल आणि टीडीएस कापून खात्यात जाणारे १८ लाख ५६ हजार. विषयात एक आणि मजकुरात दुसरा आकडा आला की वित्तप्रमुखांचा हात थांबतो, आणि थांबायलाच हवा. म्हणून सुरुवातीला येतो तो बँकेतून प्रत्यक्ष निघणारा आकडा. तो कसा आला हे खाली एका ओळीत. टीडीएस कामाच्या १६ लाखांवरच कापला आहे, जीएसटीवर नाही, हेही त्या ओळीतून आपोआप दिसतं. पुरवठादार भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर दर २ टक्के, एकट्या मालकाचा धंदा असेल तर १ टक्का. म्हणजे रक्कम बरोबर लिहायची तर पैसे घेणारा कोण, हे आधी पक्कं कळलेलं असावं लागतं.

मुदतीची गोष्ट आणखी बारीक आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नसतात; माल किंवा काम स्वीकारल्यापासून मोजायचे असतात. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर माल हाती पडला तोच दिवस स्वीकारल्याचा धरला जातो. क्यूसीने ‘शंका काढल्या’ त्या तोंडी होत्या, त्यामुळे घड्याळ ९ फेब्रुवारीलाच सुरू झालं. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला तर ४५ वा दिवस येतो २६ मार्चला. पहिल्या मेलमधली ती क्यूसीची ओळ साहेबांच्या मनात ‘म्हणजे माल अजून वादात आहे?’ असा प्रश्न उभा करून थांबते. दुसऱ्या मेलमधली ओळ त्या प्रश्नाचं उत्तर देते.

मग दुपारी ३ कुठून आलं? आरटीजीएस तर १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. पण कंपनीत पैसे एका बोटानं जात नाहीत. एक जण बँकेच्या प्रणालीत नोंद करतो, दुसरा ती तपासून मंजूर करतो, आणि ही दोन माणसं संध्याकाळी घरी जातात. पुरवठादाराचं खातं नव्यानं जोडायचं असेल तर बँक काही वेळ थांबवते, तोही यात धरावा लागतो. म्हणून विनंतीत दोन वेळा स्वच्छ लिहाव्या लागतात: पैसे कधीपर्यंत पोचायला हवेत आणि त्यासाठी मंजुरी कधीपर्यंत हवी. ‘लवकरात लवकर’ या शब्दांत यातली एकही येत नाही.

राहिला धोका. इथं लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते, कारण घाई करून घ्यायची असेल तर भीती वाढवून सांगण्याचा मोह होतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचा नियम असा आहे की, सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्या वर्षीच वजा मिळतो. पण २६ मार्च चुकला आणि पैसे ३० मार्चला गेले, तर त्याच वर्षात दिल्यामुळे वजावट वाचते. लागतं ते फक्त व्याज. ३१ मार्चही उलटला तरच यंदाचा कर वाढतो. सुमारे २५ टक्के दरानं कर भरणाऱ्या कंपनीला १६ लाखांवर तो ४ लाखांच्या आसपास जातो. तोही कायमचा बुडत नाही, पुढच्या वर्षी पैसे दिल्यावर वजावट मिळते. अडकते ती रोकड.

व्याजाचं मात्र तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ, आणि त्याची करात वजावटही नाही. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के होतात. १८ लाख ५६ हजारांवर पहिल्या महिन्याचे साधारण साडेपंचवीस हजार. म्हणून चांगल्या मेलमध्ये दोन तारखांचे दोन परिणाम वेगळे लिहिले आहेत. ‘२६ तारीख चुकली तर चार लाखांचा फटका’ असं लिहिलं असतं, तर जाणकार वित्तप्रमुखांनी ते पकडलं असतं आणि त्या माणसाचा पुढचा प्रत्येक ‘अर्जंट’ मेल संशयानंच वाचला असता. पुरवठादार मध्यम उद्योग असेल किंवा नुसता व्यापारी असेल, तर हा कराचा धोका मुळात लागूच होत नाही. उद्यम प्रमाणपत्रावरची ओळ त्यासाठी आहे.

या सगळ्याची एक काळजीची बाजू आहे. रक्कम, नाव, घाई आणि परिणाम एवढंच थोडक्यात लिहिणारा दुसरा माणूस म्हणजे भामटा. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून अधिक रुपयांची फसवणूक झाली ती अशाच संदेशांमुळे. कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावानं एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर काही खात्यांत ताबडतोब पैसे पाठवायला सांगितलं गेलं, आणि पैसे गेले. तिथं हुकूम वरून खाली आला होता. विनंती खालून वर जाते तेव्हाही तीच फट असते.

म्हणून ‘बँक खाते मागच्या पेमेंटचेच’ ही छोटी ओळ फार मोलाची आहे. खातं बदललेलं असेल तर ते लपवायचं नाही, उलट पहिल्या परिच्छेदातच सांगायचं: खातं बदललं आहे, पुरवठादाराच्या आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून कुणी खात्री केली, कधी केली. बदलाच्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून केलेली खात्री ही खात्री नव्हे, कारण तो फोन भामटाच उचलतो. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय करायला बँकांना सांगितलं होतं. पडद्यावर दिसणारं ते नाव आणि मेलमधलं नाव एकच हवं. त्यासाठी मेलमध्ये बिलावरचं पूर्ण नाव लिहावं. ‘भोसरीची पार्टी’ असं लिहून ते जुळवता येत नाही. मंजुरीही त्याच मेलच्या उत्तरात किंवा कंपनीच्या प्रणालीत घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चार महिन्यांनी ऑडिटरला दाखवता येत नाही.

काही विषय मात्र या साच्यात बसवू नयेत. मालाच्या दर्जावरून खरोखर वाद असेल, दुरुस्तीचे पैसे कापायचे की नाहीत हे ठरलेलं नसेल, किंवा अनोळखी पुरवठादाराला मोठी आगाऊ रक्कम द्यायची असेल, तर चार ओळींचा मेल त्या वादावर पांघरूण घालतो. तिथं आधी फोन करावा, वादातली रक्कम वेगळी काढावी आणि उरलेल्या, निर्विवाद रकमेपुरतीच मंजुरी मागावी. क्ष इंडस्ट्रीजच्या बिलातले पन्नास हजार वादात असते, तर उद्याची मुदत उरलेल्या रकमेसाठी तशीच राहिली असती, आणि वित्तप्रमुखांना त्या पन्नास हजारांचा निकाल लावायला घाई करावी लागली नसती.