फोटोतल्या ठिपक्यांची मोजदाद

समजा, शाळेच्या प्रात्यक्षिकात तळ्याचे पाणी हजारपट पातळ करून त्यातले 0.1 मिलिलिटर अगारवर पसरले. दोन दिवसांनी, झाकण न उघडता, पेट्री डिशचा फोटो काढला. मोजायचे ते या फोटोवरच. मोजलेल्या प्रत्येक वसाहतीवर रंगीत खूण केली की दुबार मोजणी टळते.

पण फोटो फसवतो! झाकणावर साचलेला पाण्याचा थेंब किंवा दिव्याची चमक हुबेहूब वसाहतीसारखी दिसते. म्हणून कोन बदलून दुसरा फोटो घ्यावा. चमक सरकते, वसाहत जागची हलत नाही.

मोजून 64 भरल्या. 64 गुणिले 10 गुणिले 1000, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे 6,40,000 जिवाणू. ‘सुमारे’च, कारण चिकटून बसलेल्या पुंजक्याचीही एकच वसाहत होते. शिवाय या अन्नद्रव्यावर न वाढणारे जिवाणू मोजणीत येतच नाहीत.

कडेला कापसासारखा हिरवट गोळा दिसला तर ती बुरशी. ती मोजायची नाही, वहीत नोंदवायची. मात्र ती हवेतून पडली की तळ्यातूनच आली, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी निर्जंतुक पाणी पसरलेली दुसरी डिश सोबत ठेवावी लागते. तिच्यावरही काही उगवले, तर 64 पैकी तळ्याच्या किती, हे ठरवता येत नाही आणि प्रयोग पुन्हा करावा लागतो.